चिपळूणच्या मीटअपसाठी एक ओळ आणि एक स्वागतपत्र: कामाच्या नोंदी

५ जानेवारी, रविवार. भांडुप

दादाचा (मावसभावाचा) फोन आला. चिपळूणला सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांच्या मीटअपसाठी वाचनालयाचं वरचं सभागृह ९ फेब्रुवारीला मिळालं. चाळीस खुर्च्या, एक प्रोजेक्टर, दोन पंखे. माझ्याकडे दोन कामं आली: फलकावर नावाखाली येणारी ओळ, आणि सकाळी दारात द्यायचं स्वागतपत्र.

लिहायला बसण्याआधी येणार कोण ते विचारून घेतलं. दादा स्वतः पतसंस्थांची सॉफ्टवेअर सांभाळतो. ताई पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, तिचे दहा-बारा विद्यार्थी येतील. दोघं-तिघं घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतात. एक जण दुकानदारांना बिलिंग बसवून देतो. खेड, गुहागर, अलोरे इथून काही जण एसटीने येतील. मुंबईहून आम्ही तिघं.

आज सुचलेल्या तीन ओळी:

पुण्या-मुंबईला न जाता
वाशिष्ठीच्या काठी कोड
छोटं गाव, मोठं काम

पहिली मला फार आवडली. बारावीनंतर मी चिपळूण सोडलं ते शिक्षणासाठी, आणि मग नोकरीने इथेच धरून ठेवलं. जायला लागू नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. तिन्ही ओळी रात्री पाठवून दिल्या.

८ जानेवारी, बुधवार

तिन्ही नापास. दादाने एकेकीचं कारण सांगितलं, ते इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

"पुण्या-मुंबईला न जाता" यावर तो म्हणाला, "अगं, जो माणूस कधी गेलाच नाही आणि ज्याला जायचंही नाही, त्याला तू पहिल्या शब्दात पुणं का दाखवतेस?" बरोबर आहे. ओळ चिपळूणच्या माणसासाठी होती, पण बोलत होती मुंबईत राहणारी मी. "छोटं गाव, मोठं काम" मध्येही तोच दोष. छोटं हे कुणाच्या मानाने? गुहागरच्या मुलासाठी चिपळूण ही मोठी बाजारपेठ आहे.

वाशिष्ठीच्या ओळीबद्दल तो थोडा वेळ गप्प राहिला. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याच्या दोन गिऱ्हाइकांचे सर्व्हर पाण्याखाली गेले होते. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कपाटात, खालच्या खणात. नंतर कागदी पावत्या वाळवून त्यांवरून नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. ज्या बाजारपेठेत दुकानादुकानांत पाणी आणि चिखल शिरला, तिथे फलकावर नदी शोभेसाठी काढायची नाही. मी मुंबईत राहून हे विसरले, याचं वाईट वाटलं.

त्या ओळीत आणखी एक अडचण होती, ती मावशीमुळे कळली. तिने ताईच्या फोनवर ओळ वाचली आणि सरळ विचारलं, "कोडावरचं शिबिर आहे का? शेजारणीच्या मुलीला सांगू का?" मराठीत कोड म्हणजे आधी अंगावरचे पांढरे डाग. आम्ही दिवसभर कोड, कोड म्हणतो आणि तो अर्थ आमच्या कानाआड गेलेला असतो. फलक रस्त्यावर लागणार आहे, तो मावशीही वाचणार. कोड हा शब्द एकटा फलकावर नको. ठरलं.

१२ जानेवारी, रविवार. दादर

आम्ही तिघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो. आधी 'मीटअप' या शब्दावरच वेळ गेला. 'मेळावा' म्हटलं की रोजगार मेळावा किंवा पक्षाचा मेळावा डोळ्यांपुढे येतो. 'संमेलन' म्हणजे मांडव, अध्यक्ष, हारतुरे. 'कार्यशाळा' म्हटलं की शेवटी प्रमाणपत्र मिळणार अशी अपेक्षा. 'बैठक' वाचून लोक विषयपत्रिका मागतील. शेवटी 'मीटअप' तसाच ठेवला. त्याचा अर्थ खालच्या ओळीने सांगायचा. म्हणजे ओळीचं काम नक्की झालं: तिथे गेल्यावर आपण काय करणार, हे तिने सांगायचं. गावाचं वर्णन करायचं नाही, आमचा उत्साहही सांगायचा नाही.

मग प्रश्न सोपा झाला. तिथे करणार काय? दादाच्या म्हणण्याप्रमाणे त्या भागात एकट्याने काम करणाऱ्याची खरी अडचण ही की शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं. मुंबईत मी खुर्ची वळवते आणि विचारते. तो एखाद्या चुकीवर दोन दोन दिवस घालवतो. म्हणून मीटअपचा गाभा हाच: आपलं अडलेलं काम आणायचं आणि बसून सोडवायचं.

अडलेलं घेऊन या.

तीन शब्द. लांबून वाचता येतील. कुणाशी तुलना नाही. घरी जाताना लोकलमध्ये चार वेळा मनात म्हणून पाहिली.

१५ जानेवारी, बुधवार

ताईने ओळ वर्गात फळ्यावर लिहिली आणि कुणालाही काही न सांगता मुलांना विचारलं, काय वाटतं? एकाने लगेच "अडला हरी" म्हटलं, आणि पुढचं सगळ्या वर्गाने पुरं केलं. मागच्या बाकावरच्या मुलीला 'अडलेली बाई' आठवली, म्हणजे बाळंतपणात अडलेली. 'अडणं' या शब्दाला मराठीत लाचारीचा आणि संकटाचा वास आहे. एकटा ठेवला तर येणारा माणूस गरजू ठरतो आणि आम्ही उपकार करणारे. मुंबईहून तिघं येणार असताना तर तो अर्थ अधिकच टोचेल.

शब्द सोडवत नव्हता, कारण काम करणारे लोक तोच बोलतात. "कुठे अडलं?" हे आम्ही रोज विचारतो. मग त्याला जोडीदार दिला:

केलेलं दाखवा, अडलेलं विचारा

आता माणूस मागणाराही आहे आणि देणाराही. ताई म्हणाली, "चांगली आहे, पण माझी मुलं पहिल्याच शब्दाला थांबतील. त्यांनी अजून काही केलेलंच नाही असं त्यांना वाटतं." म्हणून उलटं केलं: अडलेलं विचारा, केलेलं दाखवा. अडलेलं प्रत्येकाकडे असतं, तेव्हा दार तिथून उघडायचं.

रात्री क्रियापदांकडे लक्ष गेलं. विचारा, दाखवा ही आज्ञा आहे. फलकावर उभं राहून कुणीतरी समोरच्याला सांगतंय. 'विचारू, दाखवू' केलं तर बोलणाराही त्यात आला. मुंबईहून येणाऱ्या आम्हा तिघांनाही आपलं अडलेलं सगळ्यांपुढे मांडावं लागेल, आणि ते योग्यच आहे.

अडलेलं विचारू, केलेलं दाखवू

दादाला वाचून दाखवली. त्याने ती एकदा मोठ्याने म्हटली आणि म्हणाला, "ही छाप."

१९ जानेवारी, रविवार

स्वागतपत्राचा पहिला मसुदा लिहिला आणि फेकून दिला. सुरुवात "आपणा सर्वांचे हार्दिक स्वागत" अशी होती. मग तंत्रज्ञानाच्या युगाबद्दल दोन वाक्यं, मग मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांची नावं. हे पत्र लग्नाच्या पत्रिकेत नावं बदलूनही चाललं असतं. शिवाय 'आपण' हा शब्द इथे घोटाळा करतो: आपण म्हणजे आदराने तुम्ही, की तुम्ही-आम्ही मिळून? एकाच परिच्छेदात मी दोन्ही अर्थांनी वापरला होता. यापुढे समोरच्याला 'तुम्ही', आणि सगळे मिळून करायचं ते नुसतं क्रियापदातून: लावू, बसू, थांबू.

ताईने दुसरी गोष्ट सांगितली, जी मला स्वतःला सुचायला हवी होती. तिच्या वर्गातल्या मुलींना रविवारी घराबाहेर पडायचं तर घरी काहीतरी दाखवावं लागतं. कुठे, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत, पैसे किती. मी अठरा वर्षांची असताना प्रत्येक शिबिराचा कागद बाबांपुढे ठेवलेला आहे. ती माहिती दारात मिळणाऱ्या पत्रात असून काय उपयोग? तोवर जी येऊ शकली नाही ती घरीच राहिली.

म्हणून एकाचे दोन कागद केले. आठ दिवस आधी जाणारं निमंत्रण घरच्यांनाही वाचता येईल असं: वाचनालयाचं सभागृह, सकाळी दहा ते दुपारी साडेचार, शुल्क नाही, दुपारचं जेवण तिथेच, पॉलिटेक्निकच्या बाई दिवसभर हजर, आणि त्यांचा फोन. त्यात एकही तांत्रिक शब्द ठेवला नाही. स्वागतपत्र वेगळं. ते आत आलेल्या माणसासाठी, आणि दहा वाजता दादा तेच मोठ्याने वाचणार. म्हणजे एका मिनिटात वाचून संपलं पाहिजे.

साडेचार ही वेळ एसटीची आहे. दादाने स्थानकावर जाऊन खेड, गुहागर आणि पोफळीकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाड्या विचारल्या आणि त्यावरून शेवट ठरवला. मुंबईत आम्ही मीटअप संध्याकाळी सातला सुरू करतो, कारण लोकल रात्री एकपर्यंत मिळते. इथे दिवस बसच्या वेळेवरून मागे मोजत आणावा लागतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

दोन गोष्टी पत्रात आल्याच पाहिजेत असं ठरलं.

एक, इंटरनेट. सभागृहात एकच साधी जोडणी आहे. तीस लॅपटॉप एकदम पॅकेज उतरवायला लागले तर कुणाचंच काम पुढे सरकणार नाही. लागणारं सगळं घरून उतरवून आणा, असं निमंत्रणात लिहिलं. तरीही काही जण तसेच येतील, म्हणून दादा फायली आपल्या लॅपटॉपवर ठेवून त्याच राउटरवरून वाटणार:

```
cd meetup-files
python3 -m http.server 8000
```

बाकीच्यांनी ब्राउझरमध्ये त्याच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि `:8000` लिहायचं. हे बाहेरच्या इंटरनेटशिवाय चालतं. मात्र राउटरमध्ये एका उपकरणाला दुसरं दिसू न देण्याची सेटिंग चालू असेल तर पान उघडतच नाही, म्हणून आदल्या दिवशी दोन फोनवरून तपासायचं.

दुसरी गोष्ट दादाने आणली आणि ती फार महत्त्वाची आहे. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवलं की खातेदारांची नावं दिसतात. मुंबईत तीस अनोळखी लोकांपुढे एखादं नाव दिसणं वाईटच, पण इथे समोर बसलेल्यांतले पाच जण त्या माणसाला ओळखतात, आणि त्याचं कर्ज थकलंय हे संध्याकाळी बाजारात कळतं. म्हणून "खऱ्या माणसांची माहिती पडद्यावर नको" हे पत्रात सरळ लिहायचं. तपासणीसाठी दादा खोटी नावं आणि खोटे आकडे भरलेली एक डेटाबेस फाइल तयार करून ठेवतोय.

आजचा मसुदा, मोठ्याने वाचून दोनदा कापलेला:

"नमस्कार. या, बसा. आज इथे शिकणारे आहेत, शिकवणारे आहेत, दुकानांची आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअर सांभाळणारे आहेत, घरी बसून दूरच्या कंपनीचं काम करणारे आहेत.

दारात मिळालेल्या चिठ्ठीवर तुमचं काम सध्या कुठे अडलंय ते एका ओळीत लिहा. नाव घालायलाच हवं असं नाही. चिठ्ठ्या भिंतीवर लावू, आणि ज्यांचं अडलेलं सारखं आहे ते एका टेबलावर बसतील.

जेवणानंतर ज्यांना आपलं काम दाखवायचंय त्यांना प्रत्येकी दहा मिनिटं. अर्धवट काम चालेल. खऱ्या माणसांची माहिती मात्र पडद्यावर नको.

मराठीत बोला. इंग्रजी शब्द येतील तसे येऊ द्या. लॅपटॉप नसेल तर शेजाऱ्याबरोबर बसा.

साडेचारला थांबू. लांब जाणाऱ्यांनी एसटीसाठी आधी उठलं तरी कुणी काही म्हणणार नाही."

शेवटचं वाक्य दादाचं. मी "विनंती आहे" असं काहीतरी लिहिलं होतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

छपाई. फलक चिपळूणलाच करायचा हा आग्रह दादाचा, कारण चूक निघाली तर दुसरा लगेच होतो. सहा बाय तीन फूट. मी ओळ व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवली होती. दुकानदाराचा संगणक जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर चालतो. चिकटवल्यावर त्यात नुसत्या चौकटी उमटल्या, म्हणून त्याने ती आपल्या कीबोर्डवर पुन्हा टाइप केली. नमुन्याचा फोटो आला:

अडलेल विचारु, केलेलं दाखवु

पहिल्या शब्दाचा अनुस्वार गेला, आणि विचारू, दाखवू दोन्ही ऱ्हस्व झाले. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ. वाचनालयाच्या दारावर हे चालणार नाही. दोष त्याचा नाही, मी मजकूर पाठवला म्हणून त्याला टाइप करावा लागला. आता मी ओळ इथेच मुक्ता फॉन्टमध्ये बसवली (तो मुंबईतल्याच एक टाइपच्या लोकांनी केलेला आणि मोफत आहे), अक्षरांचे कर्व्ह करून पीडीएफ पाठवली. कर्व्ह केल्यावर अक्षर हे चित्र होतं, समोरच्याकडे फॉन्ट असो वा नसो.

स्वागतपत्र मी ब्राउझरमधून छापते. त्यात एक ओळ घातली नव्हती ती घातली:

```
<html lang="mr">
```

फॉन्टमध्ये सोय असेल तर याने ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी पुस्तकातले. मावशीच्या पिढीला हा फरक लगेच दिसतो. शिवाय 'शेजाऱ्याबरोबर' आणि 'जाणाऱ्यांनी' हे दोन शब्द भिंग लावून तपासले. ऱ्य च्या जागी डोक्यावर रफार आला की 'जाणार्यांनी' होतं. पत्रात रोज होणारी हीच चूक.

९ फेब्रुवारी, रविवार. परतीच्या गाडीत

एकतीस जण आले. त्यांत नऊ मुली, आणि त्यांतल्या दोघींचे वडील सोडायला येऊन जिन्यात फलक वाचत उभे राहिले होते. एकांनी मला विचारलं, "अडलेलं म्हणजे अभ्यासातलं का?" मी म्हटलं, "हो काका, कामातलं." ते बरं म्हणाले आणि गेले.

दादाने पत्र वाचलं. घड्याळाप्रमाणे एका मिनिटाला दोन-चार सेकंद जास्त.

चिठ्ठ्यांचं मात्र अर्धंच जमलं. चोवीस आल्या, त्यांतल्या अकरा अशा: "जावा येत नाही", "प्रोजेक्ट", "डेटाबेस". त्यांवरून टेबल कसं बसवणार? साडेदहाची वेळ अकरावर गेली. मुलांकडे अडलेलं नव्हतं असं नाही. एका ओळीत ते कसं सांगायचं हे पत्राने दाखवलंच नव्हतं. ताईने त्या अकरा जणांजवळ जाऊन एकच प्रश्न विचारला, "काय करायला गेलास आणि काय झालं?" त्यावर प्रत्येकाने नीट सांगितलं.

तेव्हा लक्षात आलं की तीन चिठ्ठ्या एकच आहेत. बिलिंगवाला, दादा आणि अलोऱ्याचा एक मुलगा, तिघांच्या पावतीच्या पीडीएफमध्ये मराठी नावं तुटतात. पडद्यावर 'विनायक' बरोबर, पीडीएफमध्ये वेलांटी व च्या पुढे जाऊन न ला चिकटलेली, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. पीडीएफ करणारी लायब्ररी अक्षरं साठवलेल्या क्रमानेच मांडत होती. पहिली वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दाखवताना आधी यावी लागते. ती अदलाबदल करणारा भागच त्या लायब्ररीत नव्हता. दुपारपर्यंत त्यांनी पावती एचटीएमएलमध्ये करून ब्राउझरच्या इंजिनातून पीडीएफ काढली आणि नाव सरळ आलं. जेवणानंतर अलोऱ्याच्या मुलाने तेच दहा मिनिटांत दाखवलं. सकाळचं अडलेलं दुपारी केलेलं म्हणून पडद्यावर आलं.

माझी स्वतःची चिठ्ठी ताईच्या विद्यार्थिनीने सोडवली.

१० फेब्रुवारी, सोमवार. भांडुप

पुढच्या वेळच्या पत्रात बदल, आजच करून दादाला पाठवला. "एका ओळीत लिहा" याच्या पुढे:

"काय करायला गेलात आणि काय झालं, ते लिहा. उदाहरणार्थ: पावतीची पीडीएफ काढली की मराठी नावाची वेलांटी पुढे सरकते."

हे वाढलं म्हणून पहिल्या परिच्छेदातलं कोण कोण आलंय ते काढलं. आत बसलेल्यांना ते दिसतंच. फलक वाचनालयाच्या कपाटात, वरच्या खणात ठेवला आहे.